बेरीज जुळली, तरी थांब

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत काल तुझी वही पाहिली. डिटरमिनंटच्या ओळी (२, १) आणि (३, ४). उत्तर ५ यायला हवं, तुझं १० आलं. गुणाकार मात्र सगळे बरोबर.

प्रत्येक ओळीशेजारी तिची बेरीज लिहीत जा: इथे ३ आणि ७. तू केलंस R2 → 2R2 − 3R1. बेरजांवरही तेच कर: १४ − ९ = ५. नवी ओळ (०, ५), तिचीही बेरीज ५. म्हणजे आकडेमोड बहुधा ठीक. दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतात तेव्हा मात्र हे फसतं.

पण R2 ला २ ने गुणलंस, तिथेच डिटरमिनंट दुप्पट झालं. बेरीज हे कधीच पकडणार नाही. बाणाच्या डावीकडची ओळ उजवीकडे २ ने गुणून आली असेल, तर बाहेर लगेच १/२ लिही. नुसतं − 3R1 असेल तर काही बदलत नाही.