अंधारात मोजे काढायचं कोडं: ४ की ११?

प्रश्न: ड्रॉवरमध्ये १० काळे, ८ पांढरे आणि ६ तपकिरी मोजे सुटे पडलेत. अंधारात कमीत कमी किती काढले तर एका रंगाची जोडी नक्की मिळेल? पुस्तकात ४ दिलंय, माझं ११ येतंय. कुठे चुकतंय?

पुस्तक बरोबर आहे. तुमचं ११ हेही एका प्रश्नाचं बरोबर उत्तर आहे, फक्त तो प्रश्न हा नव्हे.

या कोड्यात 'नक्की' हा शब्द महत्त्वाचा. नशीब असेल तर दोनच मोज्यांत जोडी जुळेल, पण आपण धरायचं की नशीब अगदी रुसलंय. जोडी न होता जास्तीत जास्त किती मोजे हातात येऊ शकतात? काळा, पांढरा, तपकिरी, प्रत्येकी एक. म्हणजे तीन. चौथा कुठल्याही रंगाचा निघाला तरी त्या रंगाचा एक आधीच हातात आहे. प्रत्येक रंगाचा एक कप्पा धरला तर कप्पे तीन आणि मोजे चार, म्हणून एका कप्प्यात दोन येणारच. (जर्मनमध्ये या तत्त्वाला 'ड्रॉवरचं तत्त्व'च म्हणतात. इंग्रजीत ते 'कबुतरांच्या कप्प्यांचं तत्त्व' आहे, पण मोज्यांना ड्रॉवरच जास्त शोभतो.)

इथे १०, ८, ६ हे आकडे वापरलेच नाहीत, आणि गडबड तिथेच होते. दिलेत म्हणजे वापरायलाच हवेत असं वाटतं. तुम्ही बहुधा सगळे १० काळे आधी काढून वर एक मिळवलात. पण त्यातला दुसरा काळा आला तेव्हाच जोडी झाली होती. ११ केव्हा लागतात? दोन वेगळ्या रंगांचे मोजे नक्की हवे असतील तेव्हा. आणि काळीच जोडी हवी असेल तर आधी ८ पांढरे आणि ६ तपकिरी येऊन छळणार, मग दोन काळे: १६.

दोन जोड्या हव्या असतील तर (रंग कुठलेही) ४ अधिक ४ म्हणून ८ लिहू नका. चौथ्या मोज्याला एक जोडी झाली, ती बाजूला ठेवा. हातात दोन सुटे उरले. ते एकाच रंगाचे असतील तर काम झालंच. नसतील तर पाचवा फार तर तिसऱ्या रंगाचा येईल, सहावा मात्र सुटत नाही. उत्तर ६. पाच का पुरत नाहीत? तीन काळे, एक पांढरा, एक तपकिरी आले तर जोडी एकच होते. परीक्षेत असं उदाहरण लिहाच, नाहीतर 'सहा पुरतात' एवढंच सिद्ध होतं, 'कमीत कमी सहा' नाही.

मोज्यांऐवजी हातमोजे असतील तर हिशोब बदलतो, कारण डाव्याला उजवाच लागतो. ५ काळ्या आणि ४ पांढऱ्या जोड्या असतील तर नऊच्या नऊ डावेच हाती येऊ शकतात. तिथे १० लागतात, आणि जोड्या किती आहेत हे तिथे खरंच पाहावं लागतं.