बेडरूमच्या लॅमिनेटला सहा बॉक्स की सात?

*बेडरूम ११ फूट ३ इंच बाय ९ फूट ९ इंच आहे. एका बॉक्समध्ये १२१५ बाय १९५ मिमीच्या ८ पट्ट्या येतात. दुकानदार सहा बॉक्स म्हणतो, फिटर सात. भिंतीपाशी फट सोडायची असेल तर उलट कमी माल लागायला नको का? कोणाचं ऐकू?*

पट्ट्या ९ फूट ९ इंचाच्या दिशेने टाकल्या तर सहा बॉक्स पुरतात आणि तीन पट्ट्या हातात राहतात. ११ फूट ३ इंचाच्या दिशेने टाकल्या तर सहा बॉक्समधली शेवटची पट्टीसुद्धा लागते, एकही शिल्लक राहत नाही. म्हणजे दोघंही आपापल्या परीने बरोबर आहेत. पट्ट्या कोणत्या दिशेने टाकायच्या, हे मात्र तुम्हाला दोघांपैकी कोणीच विचारलेलं दिसत नाही.

मी मुंबईत गेली बारा वर्षं घरांची आतली कामं करून घेतो. लॅमिनेटच्या बाबतीत सगळ्यात जास्त वाद या बॉक्सच्या आकड्यावरून होतात. दुकानदाराचा हिशेब असा असतो: खोली साधारण ११० चौरस फूट, वेस्टेज १० टक्के धरून १२१, एक बॉक्स २०.४ चौरस फुटांचा, म्हणजे ५.९, म्हणून सहा. अंदाज घ्यायला हे ठीक आहे. पण पट्ट्या ओळीने बसतात आणि ओळ संपताना जो तुकडा उरतो तो पुढे वापरता येतो की नाही, यावर सगळं ठरतं. चौरस फुटांत ते दिसत नाही.

आधी फटीचं सांगतो. दोन्ही बाजूंना १० मिमी सोडले की लांबी-रुंदीतून प्रत्येकी २० मिमी जातात. तुमची खोली मिलिमीटरमध्ये ३४२९ बाय २९७२ आहे, म्हणजे पट्ट्यांनी झाकायची जागा ३४०९ बाय २९५२ उरते. यात वाचतं किती? जेमतेम सव्वा-दीड चौरस फूट, म्हणजे साधारण अर्धी पट्टी. त्यामुळे फटीच्या नावाने माल कमी करू नका. पण ओळींचा हिशेब मांडताना मात्र हीच वजा केलेली मापं घ्या, कारण तिथे वीस मिलिमीटरनेही फरक पडतो.

आता फिटर म्हणत असेल त्याप्रमाणे लांबीच्या दिशेने टाकून बघू. ३४०९ च्या ओळीत दोन अख्ख्या पट्ट्या (२४३०) बसतात आणि तिसरीतून ९७९ चा तुकडा लागतो. करवतीच्या पात्याचे ३ मिमी सोडले तर तिसऱ्या पट्टीचा २३३ मिमीचा तुकडा उरतो. नेहमीच्या पद्धतीत हा तुकडा पुढच्या ओळीच्या सुरुवातीला लावतात, पण त्यासाठी तो निदान ३०० मिमीचा हवा. शेजारशेजारच्या ओळींतले आडवे जोडही एकमेकांपासून तेवढेच लांब हवेत, नाहीतर पाय पडला की पट्ट्या एकमेकांत अडकवणारं लॉक तिथेच सुटायला लागतं. २३३ चा तुकडा या कामाचा नाही, तो गेला. मग दुसरी ओळ नवी पट्टी कापून ६०० ने सुरू करायची, मध्ये दोन अख्ख्या, शेवटी ३७९. ६०० आणि ३७९ एकाच पट्टीतून निघतात, पण दोनदा कापल्यामुळे उरतात जेमतेम २३०. कशीही फिरवा, प्रत्येक ओळीला तीन पट्ट्या लागतात.

ओळी किती? २९५२ ला १९५ ने भागलं की १५ पूर्ण ओळी आणि २७ मिमी उरतात. दोन बोटांएवढी ही पट्टी भिंतीला लावता येत नाही. कापताना तिचं लॉक तुटतं आणि बसवली तरी ती धरून राहत नाही. शेवटची ओळ ५० मिमीपेक्षा कमी नको, हा साधा नियम. म्हणून पहिली आणि शेवटची ओळ प्रत्येकी १११ ची करायची आणि मध्ये १४ पूर्ण ओळी. दिसायलाही ते छान दिसतं. पण १११ आणि १११ मिळून २२२ होतात, ते १९५ च्या एका पट्टीतून निघत नाहीत. म्हणजे ओळी सोळाच. सोळा त्रिक अठ्ठेचाळीस, आणि सहा बॉक्समध्ये पट्ट्याही बरोबर अठ्ठेचाळीसच. एक पट्टी वाकडी कापली गेली की काम अडलं. फिटर सात का म्हणतो ते इथे कळतं, आणि तो चुकीचं बोलत नाहीये.

आता आडव्या दिशेने. २९५२ च्या ओळीत दोन अख्ख्या आणि ५२२ चा तुकडा. उरतो ६९० चा तुकडा, आणि हा कामाचा आहे. दुसरी ओळ त्यानेच सुरू करा: ६९०, मग एक अख्खी, मग १०४७. तिथे १६५ वाया जातो आणि तिसरी ओळ पुन्हा अख्ख्या पट्टीने सुरू होते. म्हणजे एका ओळीला तीन, पुढच्या ओळीला दोनच नव्या पट्ट्या. दोन ओळींना पाच. आडव्या जोडांमध्ये कुठेही ५२५ पेक्षा कमी अंतर पडत नाही. ओळी ३४०९ भागिले १९५, म्हणजे १७ पूर्ण आणि शेवटची ९४ मिमीची. ९४ ची पट्टी नीट बसते. अठरा ओळी, म्हणजे नऊ जोड्या, पाच नवे पंचेचाळीस. तीन पट्ट्या शिल्लक.

तो ६९० चा तुकडा उचलताना एक गोष्ट जवळ उभं राहून बघा. ओळ डावीकडून उजवीकडे टाकत असाल तर शेवटच्या पट्टीचा डावा भाग वापरला जातो आणि उजवा उरतो. त्या उरलेल्या तुकड्याची कापलेली कड डाव्या भिंतीकडे जाते आणि त्याचं शाबूत लॉक खोलीच्या आत येतं. म्हणून तो पुढच्या ओळीच्या सुरुवातीलाच बसतो, शेवटाला नाही. घाईत कारपेंटर ५२२ चा तुकडा पट्टीच्या उजव्या टोकाकडून कापतो. मग जोडायला कापलेली कड समोर येते, लॉक लागत नाही, आणि पट्टी 'खराब निघाली' म्हणून बाजूला पडते. पहिल्या दोन ओळी होईपर्यंत तिथे थांबा, कापण्याआधी पट्टीवर पेन्सिलने बाण काढायला सांगा. माझ्या अनुभवात निम्मं वेस्टेज इथेच होतं.

पट्ट्या खिडकीतून येणाऱ्या उजेडाच्या दिशेने टाकायच्या अशी पद्धत आहे, कारण आडव्या उजेडात लांब जोड उठून दिसतात. तुमची खिडकी ११ फूट ३ इंचाच्या भिंतीत असेल तर आडवी दिशा तशीही योग्यच आहे. खिडकी लहान भिंतीत असेल तर निवड तुमची. एवढ्या खोलीत मी स्वतः तीन पट्ट्या वाचवेन.

ऑर्डर देण्याआधी दोन मापं पुन्हा घ्या. खोली दोन्ही दिशांना तीन-तीन ठिकाणी मोजा. आपल्याकडच्या इमारतींत प्लॅस्टरमुळे भिंत एका टोकाला अर्धा इंच आत असणं अगदी नेहमीचं आहे. आडव्या दिशेत शेवटची ओळ ९४ वरून ८१ झाली तरी चालतं. दुसरं, दुकानात पाच पट्ट्या रुंदीला क्लिक करून जोडा आणि टेप लावा. ९७५ मिमी भरले पाहिजेत. बॉक्सवरचं माप पट्टीच्या कडेची लॉकची जीभ धरून लिहिलेलं असेल तर ते कमी भरेल, आणि मग माझा वरचा सगळा हिशेब नव्याने करावा लागेल.

फट मात्र कोणाच्याही सांगण्यावरून कमी करू नका. लॅमिनेटचा गाभा दाबलेल्या लाकडी तंतूंचा असतो, तो पावसाळ्यातली दमट हवा ओढून सगळ्या दिशांना फुगतो. माझ्या बहिणीच्या चेंबूरच्या फ्लॅटमध्ये जानेवारीत काम झालं. फिटरने एका भिंतीला पट्ट्या टेकवल्या आणि समोरच्या फटीत व्हाइट सिमेंट भरलं. वरून स्कर्टिंग लागल्यामुळे कोणाला दिसलं नाही. जुलैच्या शेवटी खोलीच्या मधोमध चालताना जमीन खाली दबायला आणि टप टप वाजायला लागली. सगळ्यांना वाटलं खाली पाणी शिरलंय. पाणी शिरलं असतं तर पट्ट्यांच्या कडा फुगून जोडावर बोटाला उंचवटा लागला असता. इथे कडा सपाट होत्या आणि आख्खी जमीनच कमानीसारखी उचलली गेली होती. स्कर्टिंग काढून दोन्ही बाजूंना १० मिमी कापून घेतलं आणि चार-पाच दिवसांत ती आपोआप खाली बसली. एकही पट्टी बदलावी लागली नाही. माझ्या स्वतःच्या घरी सोडलेली १० मिमीची फट ऑगस्टमध्ये मोजली तर ८ भरली होती, म्हणजे ती खरंच वापरली जाते.

म्हणून फट धरून ठेवायला भिंतीशी लावायची पाचर मोजून घ्या. बरेच जण पट्टीचाच तुकडा उभा लावतात, पण पट्टी ८ मिमी जाडीची असेल तर फटही ८ चीच होते. स्कर्टिंग १२ मिमी किंवा जास्त जाडीचं घ्या आणि त्याचे खिळे भिंतीत मारा, जमिनीत नाही. भिंतीला ठोकलेलं वॉर्डरोब असेल तर पट्ट्या त्याच्या खाली घालू नका. वजनाखाली एक बाजू अडकली की फट असूनही जमीन सरकत नाही. वॉर्डरोबच्या पायथ्याशीही भिंतीसारखीच फट सोडा आणि त्याची जागा मापातून वजा करून ओळी पुन्हा मोजा. कोपऱ्यात कॉलम बाहेर आलेला असेल तर त्याची जागा वजा करू नका, कारण तिथे पट्टी अख्खीच लागते, फक्त तिला खाच पाडावी लागते. ती खाच चुकण्यासाठी शिलकीतली एक पट्टी धरून ठेवा.

हे सगळं लॅमिनेटचं. खरं लाकूड घेतलंत तर ते रुंदीत फुलतं, लांबीत जवळजवळ नाहीच. शिवाय गाठ किंवा रंग नावडून चार-दोन फळ्या तुम्हीच बाजूला काढाल, त्यामुळे तिथे एक बॉक्स जास्तीचा घ्यावाच लागतो.

दुकानदाराला आत्ताच विचारून घ्या की न उघडलेला बॉक्स परत घेणार का. हो म्हणाला तर सात आणा, सगळे एकाच बॅचचे, आणि सातवा शेवटपर्यंत उघडू नका. नाही म्हणाला तर सहा आणा, आडवे टाका. बॉक्स आणल्यावर दोन दिवस त्याच खोलीत जमिनीवर आडवे ठेवा, उभे भिंतीला टेकवून नाही. काम झाल्यावर राहिलेल्या पट्ट्या पलंगाखाली सपाट ठेवून द्या. तीन वर्षांनी कपाट सरकवताना एखादी फुटली तर त्याच रंगाची पट्टी बाजारात शोधावी लागणार नाही.