‘असावे’ म्हणजे ‘शुड’ नव्हे

सर, वाळवा तालुक्यातल्या ४० ऊस शेतकऱ्यांची माहिती घेऊन मी पीएचडीसाठी लिहिते आहे. पाचट न जाळणाऱ्यांच्या खोडव्याचं एकरी उत्पादन जास्त निघालं. ओल टिकल्यामुळे असावं, असं मी इंग्रजीत ‘शुड’ वापरून लिहिलं. त्या ‘शुड’ला लाल खूण आली. मग सगळीकडे ‘मे’ घातलं, तर गाइड म्हणतात, आता ठाम काहीच उरलं नाही.
– संशोधक विद्यार्थिनी, सांगली

‘शुड’ तुमच्या ‘असावे’तून आलं आहे. मराठीत ‘असावे’ दोन कामं करतं: ‘शेतात पाचट असावे’ हा सल्ला, ‘कारण ओल हे असावे’ हा तर्क. इंग्रजीतलं ‘शुड’ सल्ला देतं, फार तर काय असेल किंवा होईल त्याची अपेक्षा सांगतं. घडून गेलेल्या गोष्टीचं कारण ओळखायला ते चालत नाही. ‘द रीझन शुड बी मॉइश्चर’ वाचून परीक्षकाला वाटतं, कारण ओलच असायला हवं असा तुमचा आग्रह आहे.

त्याऐवजी काय, हे तुमच्याकडे पुरावा किती आहे त्यावर ठरतं. जमिनीतली ओल मोजली असती आणि ती पाचटाखाली जास्त भरली असती, तर ‘प्रॉबॅब्ली’ शोभलं असतं. तुम्ही फक्त उत्पादन विचारलंत. शिवाय पाचट ठेवणाऱ्यांकडे पाणी किंवा जमीनच चांगली असेल, ही शंका उरतेच. म्हणून इथे ‘मे’. गोष्ट घडून गेली आहे, तेव्हा ‘मे हॅव कॉन्ट्रिब्यूटेड’. ‘कुड हॅव’ टाळा. त्यातून ‘झालं असतं, पण झालं नाही’ असाही अर्थ निघतो.

गाइडचं म्हणणंही बरोबर आहे. उत्पादनाचा फरक तुमच्या आकड्यांत आहे, तिथे ‘मे’ कशाला? ‘वॉज हायर’ असं सरळ लिहा, मात्र ‘अमंग द फॉर्टी फार्मर्स सर्व्हेड’ ही मर्यादा सोबत ठेवा. शंका आकड्याबद्दल नाही, कारणाबद्दल आहे. तुमचा परिच्छेद असा होईल: ‘अमंग द फॉर्टी फार्मर्स सर्व्हेड, यील्ड वॉज हायर व्हेअर ट्रॅश वॉज रिटेन्ड. बेटर सॉइल मॉइश्चर मे हॅव कॉन्ट्रिब्यूटेड टू धिस डिफरन्स.’ पहिलं वाक्य ठाम, दुसरं सावध. त्या दुसऱ्यात ‘पॉसिबली’ही घालू नका, ‘मे’ असताना ते नुसतं ओझं.

नकाराकडे मात्र नीट पाहा, तिथे अर्थच उलटतो. ‘हे इतर तालुक्यांना लागू होऊ शकत नाही’ याचं इंग्रजी ‘कॅनॉट’ होतं, म्हणजे लागू होणं अशक्य. तुमच्या मनात बहुधा ‘लागू होईलच असं नाही’ आहे. त्याला ‘मे नॉट’. ४० शेतकऱ्यांवरून ‘कॅनॉट’ म्हणालात, तर तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न त्यावरच येईल.

आता फाइलमध्ये Ctrl+F दाबून आधी should, मग cannot शोधा. ‘शुड’ सापडेल तिथे वाक्य मराठीत म्हणून पाहा: ‘असायला हवे’ बसतं की ‘बहुधा असेल’? दुसरं बसलं, तर ते ‘शुड’ काढा. ‘कॅनॉट’च्या जागी ‘होईलच असं नाही’ बसलं, तर तिथे ‘मे नॉट’ घाला.