मोल कमी असूनही लेड नायट्रेट उरते कसे? लेड आयोडाइडच्या अवक्षेपाचे गणित

प्रश्न: ०.१० मोलर लेड नायट्रेटचे ५० मिली आणि ०.१० मोलर पोटॅशियम आयोडाइडचे ८० मिली मिसळले तर पिवळा अवक्षेप किती ग्रॅम मिळेल? लेड नायट्रेट कमी आहे म्हणून ते आधी संपेल असे धरून मला २.३०५ ग्रॅम आले, पण पुस्तकात १.८४४ आहे. चूक कुठे?

उत्तर: पुस्तकातले उत्तर बरोबर आहे. तुमचे मोल बरोबर निघाले असणार, पण ते एकमेकांशी थेट ताडून पाहिलेत तिथे गणित घसरले. आधी समीकरण बघा:

Pb(NO3)2 + 2KI → PbI2 + 2KNO3

शिशाच्या एका आयनाला आयोडाइडचे दोन आयन लागतात. म्हणून "कोणाचे मोल कमी" हे विचारून भागत नाही, "कोण आधी संपेल" हे विचारावे लागते.

मिली आणि मोलर यांचा गुणाकार केला की थेट मिलिमोल मिळतात, लिटर करत बसायला नको. लेड नायट्रेट ५० × ०.१० = ५ मिलिमोल, पोटॅशियम आयोडाइड ८० × ०.१० = ८ मिलिमोल. आता प्रत्येक आकड्याला समीकरणातल्या त्याच्या सहगुणकाने भागा: ५ ÷ १ = ५ आणि ८ ÷ २ = ४. लहान भागाकार ज्याचा, तो आधी संपतो. इथे तो पोटॅशियम आयोडाइड आहे, मोल जास्त असूनही आणि आकारमान जास्त असूनही. PbI2 चा सहगुणक १ असल्याने हा लहान भागाकारच अवक्षेपाचे मिलिमोल होतो, म्हणजे ४.

PbI2 चे मोलर वस्तुमान २०७.२ + २ × १२६.९ = ४६१.०. म्हणून ४ × ४६१ = १८४४ मिलिग्रॅम, म्हणजे १.८४४ ग्रॅम.

उत्तर पटत नसेल तर आयोडीन मोजून बघा. ८ मिलिमोल आयोडाइड म्हणजे १.०१५ ग्रॅम आयोडीन, तेवढेच तुम्ही ओतले आहे. २.३०५ ग्रॅम अवक्षेपात मात्र १.२६९ ग्रॅम आयोडीन असायला हवे. वरचे पाव ग्रॅम येणार कुठून? ही पडताळणी मी प्रत्येक अवक्षेपाच्या गणिताला लावतो. चूक लगेच उघडी पडते.

लेड नायट्रेटचे ४ मिलिमोल वापरले जातात, १ उरतो. ते सगळे खपवायला याच आयोडाइडचे १०० मिली लागले असते. त्यापुढे आयोडाइड कितीही ओतले तरी गणितातले वजन २.३०५ ग्रॅमवर थांबते.

प्रश्नात मोलऐवजी ग्रॅम दिले असतील तर आणखी एक फसवी जागा आहे. लेड नायट्रेटचे मोलर वस्तुमान ३३१.२ आणि पोटॅशियम आयोडाइडचे १६६.०, दोन मोल घेतले की ३३२.०. म्हणजे दोन्ही क्षार जवळपास समान वजनाने घेतले तर ते जवळपास एकदमच संपतात! "दोन्ही ५ ग्रॅम आहेत, पण एकाचे मोल दुप्पट" हे पाहून पुष्कळ जण घाईने एकाला जास्तीचा ठरवतात.

प्रयोगशाळेत मात्र नेमके १.८४४ भरणार नाही. लेड आयोडाइड थोडे विरघळते. तुमच्या १३० मिली मिश्रणात, २५ अंश सेल्सिअसला, अंदाजे ०.०३ ग्रॅम द्रावणातच राहते. उरलेल्या शिशामुळे हे नुकसान कमी झाले आहे. साध्या पाण्यात ते आणखी विरघळते. म्हणून अवक्षेप धुताना बर्फासारखे गार पाणी, तेही थोडेथोडे घ्या. गरम पाण्याने धुतलात तर अवक्षेप डोळ्यांदेखत कमी होतो, आणि खालचे पाणी निवले की त्यात सोनेरी चकत्या दिसू लागतात. तो तुमचाच हरवलेला माल. उलट वजन १.८४४ पेक्षा जास्त भरले तर बहुधा गाळण कागद ओला आहे किंवा पोटॅशियम नायट्रेट धुऊन गेलेले नाही. १०५ ते ११० अंशांवर वाळवा, वजन करा, पुन्हा वाळवा. सलग दोन वजने सारखी आली की थांबा. कोऱ्या कागदाचे वजन आधी करून ठेवायला विसरू नका.

कोण उरले ते बघायचे असेल तर गाळलेले स्वच्छ पाणी दोन परीक्षानळ्यांत घ्या. एकीत पोटॅशियम आयोडाइडचे दोन थेंब टाका, दुसरीत लेड नायट्रेटचे. तुमच्या मिश्रणात पहिली नळी दाट पिवळी होईल, कारण शिसे शिल्लक आहे. दुसरीत फार तर किंचित धूसरपणा येईल. तो विरघळलेल्या लेड आयोडाइडमुळे, त्याला आयोडाइड उरल्याची खूण समजू नका. आणि हे पाणी बेसिनमध्ये ओतू नका, शिसे विषारी आहे. त्याचा डबा वेगळा ठेवा.