फेंगडे पाय आणि ताईचा अल्बम

“मॅडम, चौदा महिन्यांचा झालाय. वाढदिवसाचा उभा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला आणि नणंदबाईंनी लिहिलं, ‘पाय फेंगडे दिसतात गं.’ सासूबाई म्हणतात, मालिश नीट झाली नाही. माझंच काही चुकलंय का?”

हा प्रश्न माझ्याकडे महिन्यातून दोनदा तरी येतो. आई पायांबद्दल विचारते, पण तिच्या डोळ्यांत असतं ते ‘माझंच’. म्हणून मी सुरुवात तिथूनच करते.

या आईला मी म्हटलं, “पोटात नऊ महिने तो पाय दुमडून बसला होता. बाक तिथला आहे. मालिशचा, लंगोटाचा, कडेवर घेण्याचा त्यात दोष नाही.” पटल्यासारखी मान हलली, पण चेहरा सैल झाला नाही. दुसऱ्या भेटीत कळलं की रात्री त्याचे पाय ओढणीने एकत्र बांधले जात होते. मी ते त्या दिवसापासून बंद करायला लावलं. बांधून बाक जात नाही, खास बुटांनीही नाही.

तिसऱ्या भेटीला मी मोठ्या मुलीचा अल्बम मागवला. ती आता आठ वर्षांची. सव्वा वर्षाच्या फोटोत तिचेही गुडघे लांब लांब, अगदी भावासारखे. साडेतीन वर्षांच्या फोटोत उलटंच: गुडघे चिकटलेले, घोटे फाकलेले. शाळेच्या गणवेशात पाय सरळ. आई तिन्ही फोटोंवरून बोट फिरवत राहिली. “तेव्हा आम्ही काहीच केलं नव्हतं हो,” ती हळूच म्हणाली. बरोबर आलेल्या आजींनी चष्मा पुसला आणि अल्बम स्वतःकडे ओढला. इतक्या वर्षांत मी हे शिकले की भीती एकाच फोटोत अडकते. शेजारी दुसरे फोटो ठेवले की ती सुटायला लागते.

क्रम बहुतेक मुलांत हाच असतो. दीड-दोन वर्षांपर्यंत बाक, मग पाय सरळ, तीन-चारच्या सुमारास गुडघे आत, सात-आठपर्यंत मोठ्यांसारखे.

फोटोवर मात्र विसंबू नका. पाऊल जरा वळलं तरी बाक जास्त दिसतो. बाळाला उताणं झोपवा, गुडघ्याच्या वाट्या छताकडे, घोटे हलकेच जुळवून गुडघ्यांमधलं अंतर टेपने मोजा. या बाळाचं तीन सेंटिमीटर भरलं. दर तीन महिन्यांनी मोजून वहीत लिहायला सांगितलं. आकडा घटत गेला पाहिजे.

अंतर सहा सेंटिमीटरच्या वर असेल, दोननंतरही बाक वाढत असेल, एकच पाय वाकडा असेल, मूल लंगडत असेल किंवा उंची मागे पडत असेल, तर थांबू नका. मनगटं रुंद, जाड वाटली तर मुडदूस असू शकतो. अशा वेळी बालरोगतज्ज्ञ रक्ततपासणी आणि एक्स-रे सांगतात. मुडदुसावर औषध आहे आणि वेळेत दिलं तर पाय बरेच सुधारतात.

परवा वही आली. वीस महिने, एक सेंटिमीटर. अक्षर आजींचं होतं.