व्याख्यानाला नकार देणारा, पण माणूस न दुखावणारा निरोप

प्रश्न: मी वकील आहे. महिला दिन, शाळांची गॅदरिंग, व्याख्यानमाला अशी महिन्याला आठ-दहा बोलावणी येतात. बहुतेकांना नाहीच म्हणावं लागतं. प्रत्येकाला वेगळं लिहायला वेळ नाही आणि छापील उत्तर पाठवायला मन धजत नाही. तुम्ही काय करता?

उत्तर:

मी बालरोगतज्ज्ञ आहे. फेब्रुवारी लागला की माझ्याकडेही हीच रांग लागते. सुरुवातीची काही वर्षं मी "बघते, कळवते" म्हणायचे. आपल्याकडे याचा अर्थ नकार असतो असं मी धरून चालले होते. एका मंडळाने त्याचा अर्थ होकार घेतला आणि चौकातल्या फलकावर प्रमुख पाहुण्या म्हणून माझं नाव लागलं. ऐनवेळी त्यांची झालेली धावपळ पाहून मला फार वाईट वाटलं. त्याच आठवड्यात बसून एक निरोप लिहिला. आज वापरते तो असा:

"नमस्कार ____. आठवणीने बोलावलंत, मनापासून आभार. मला या कार्यक्रमाला येता येणार नाही. दवाखाना सांभाळून वर्षाला चारच व्याख्यानं घेते आणि ती ठरलेली असतात. ____. कार्यक्रमाला खूप शुभेच्छा."

यात दोन जागा मोकळ्या आहेत. पहिलीत नाव येतं. दुसरीत एकच वाक्य येतं, आणि ते मात्र दर वेळी नव्याने लिहायचं. सगळा जिव्हाळा त्या एका वाक्यात असतो, म्हणून त्याला दोन मिनिटं देते.

मागच्या वर्षी एका तालुक्याच्या गावच्या वाचनालयाचं ८ मार्चसाठी पत्र आलं. त्यात त्यांनी जाता जाता लिहिलं होतं, की दर शनिवारी गावातल्या आज्या वाचनालयात येऊन मुलांना गोष्टी सांगतात. मी लिहिलं, "शनिवारी आज्या गोष्टी सांगतात हे वाचून फार छान वाटलं, माझ्याकडे येणाऱ्या आईबाबांना मी हे आवर्जून सांगणार आहे." आणि सांगितलंही. "आपलं कार्य स्तुत्य आहे" असं लिहिलं असतं तर ते कुणालाही चाललं असतं. माझी कसोटी तीच आहे: हे वाक्य दुसऱ्या निमंत्रणाच्या उत्तरात जसंच्या तसं बसत असेल, तर पत्र पुन्हा वाचायचं.

या वाक्याची जागाही मी बदलली. आधी ते नकाराच्या वर होतं. मग कौतुक, त्यामागे "पण", आणि मग नकार असा क्रम व्हायचा. "पण" आला की आधीचं कौतुक पोकळ वाटतं. शिवाय मोबाइलवर निरोपाची पहिली ओळच दिसते. तिथे कौतुक वाचून माणूस होकार समजतो आणि उघडल्यावर हिरमुसतो. आता नकार आधी, कौतुक नंतर.

कारणात तारीख घालू नका. "८ तारखेला जमणार नाही" म्हटलं की "मग ९ ला ठेवू" येतंच. मी "यंदाची चार ठरली आहेत" असंही लिहून पाहिलं. पुढच्या जानेवारीत तिघांनी फोन केले, "आता नवं वर्ष लागलं, मॅडम." बिचाऱ्यांचं चुकलं नव्हतं, "यंदा" मीच लिहिलं होतं. तो शब्द काढला. आकडा मात्र खरा हवा. "मी व्याख्यानं देत नाही" असं लिहून महिनाभरात शेजारच्या गावात बोलायला गेलात, तर ते कळल्याशिवाय राहत नाही.

"पाच मिनिटं तरी या, दीपप्रज्वलन करून जा" असा आग्रह होतो. तेव्हा नवं कारण देत नाही. "तुमचा आग्रह मनापासून आहे हे कळतं, तरी येणं होणार नाही," एवढंच. नवं कारण दिलं की त्यावर तोडगा येतो आणि बोलणं लांबतं.

उत्तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी पाठवा. त्यांना पत्रिका छापायची असते, दुसरा वक्ता शोधायचा असतो. दुसरं नाव सुचवायचं असेल, तर त्या व्यक्तीला आधी विचारा.

निरोप मी व्हॉट्सॲप बिझनेसच्या क्विक रिप्लायमध्ये ठेवला आहे. `/` टाइप करून निवडला की मजकूर समोर येतो आणि पाठवण्याआधी बदलता येतो. मोकळ्या जागी मी "नाव भरा" असे शब्द ठेवत नाही. घाईत ते तसेच गेले, तर समोरच्याला आपण ढिगातले एक आहोत हे लगेच कळतं. रेघ ठेवली की पटकन डोळ्यांत भरते. आधीच्या माणसाचं नाव राहून जाऊ नये म्हणून जुना पाठवलेला निरोप कधीच कॉपी करत नाही.

माझ्या शाळेतल्या बाईंचं किंवा वडिलांच्या मित्रांचं बोलावणं आलं, तर हा निरोप पाठवत नाही. संध्याकाळी ओपीडी संपली की त्यांना फोन करते.