यूपीएस मोठा आणला तरी सेटिंग उडणारच

प्रश्न: इंदूरला आमच्या ऑफिसात १२ यूचं छोटं स्विच कॅबिनेट आहे. लाइट गेली की स्विचची सेटिंग उडते. किती केव्हीएचा यूपीएस घेऊ? आत पंखा पुरेल का?

सेटिंग उडण्याचा आणि केव्हीएचा काही संबंध नाही. हे मी भंवरकुआच्या एका कोचिंग क्लासमध्ये एका ठेकेदाराला सांगून थकलो, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

तिथे जिन्याच्या वळणावर, पत्र्याखाली कॅबिनेट होतं. आत नेटवर्कच्याच केबलमधून कॅमेऱ्यांना वीज देणारा सिस्कोचा २४ पोर्टचा पीओई स्विच, राउटर, फायबरचा डबा, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा एनव्हीआर आणि एक छोटा यूपीएस. ठेकेदाराने कॅमेरे एका व्हीलॅनमध्ये, म्हणजे त्याच स्विचवर वेगळ्या पाडलेल्या नेटवर्कमध्ये, आणि परीक्षेचे कॉम्प्युटर दुसऱ्यात टाकले होते. एकदा लाइट गेली, बॅटरी संपली, आणि परत आल्यावर कॉम्प्युटरना 192.168.20.x ऐवजी 192.168.1.x पत्ते मिळू लागले. ठेकेदार म्हणाला, "साहब, बडा यूपीएस लगा दो, टेंशन खतम." यूपीएस दीड केव्हीएचा आला, त्याने पोर्ट पुन्हा हाताने लावून दिले आणि उन्हाळ्यात तेच पुन्हा झालं.

कारण स्क्रीनवर सरळ दिसत होतं. `show vlan brief` मध्ये २० नंबरचं व्हीलॅन नावासकट शाबूत, पण त्यापुढे एकही पोर्ट नाही. सगळे पोर्ट व्हीलॅन १ मध्ये. सिस्कोच्या कॅटॅलिस्ट स्विचमध्ये व्हीलॅनची यादी सांभाळणारा व्हीटीपी सर्व्हर मोड मुळातच चालू असतो, आणि त्यात व्हीलॅनची यादी तयार होताक्षणी फ्लॅशमधल्या `vlan.dat` मध्ये लिहिली जाते. कोणता पोर्ट कोणत्या व्हीलॅनमध्ये, ही नोंद मात्र चालू कॉन्फिगमध्ये, म्हणजे रॅममध्ये असते. ती `write memory` केल्याशिवाय एनव्हीरॅममध्ये, म्हणजे लाइट गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत, जात नाही. व्हीलॅन आहे पण पोर्ट नाहीत, असं अर्धवट चित्र दिसलं की समजा, स्विच बिघडलेला नाही. कुणीतरी सेव्ह केलेलं नाही. ठेकेदाराने दोन्ही वेळा केलं नव्हतं.

ही तपासणी लाइट असताना करा. लाइट जाऊन आल्यावर दोन्ही कॉन्फिग एकसारखीच असतात, फरक शून्य दिसतो. लॉगही बहुधा रॅममध्येच असतो, तोही गेलेला असतो. तेव्हा आजच बघा:

```
show archive config differences nvram:startup-config system:running-config
```

यात अधिक किंवा वजा चिन्हाच्या ओळी आल्या, तर तेवढं सगळं पुढच्या वेळी उडणार. आधी `write memory` करा, मग हे लावून ठेवा:

```
configure terminal
archive
 path flash:bkp
 time-period 1440
 write-memory
end
write memory
```

यामुळे रोज एकदा चालू कॉन्फिगची प्रत फ्लॅशमध्ये पडते, कुणी सेव्ह करायला विसरलं असलं तरी. `show archive` मध्ये प्रतींची नावं दिसतात, हवी ती `configure replace` ने परत बसवता येते. दुसऱ्या कंपनीचा, वेबपानावरून चालणारा स्विच असेल तर तिथे "Apply" आणि "Save" ही दोन वेगळी बटणं आहेत का बघा. घोटाळा तिथेच होतो. मायक्रोटिकमध्ये बदल लगेच लिहिला जातो, तिथे हा रोग नाही.

आता यूपीएस. लोड दिवसा मोजू नका. रात्री कॅमेऱ्यांचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि ६ वॅटचा कॅमेरा ९ वॅट ओढतो. त्या क्लासमध्ये ८ कॅमेरे होते, म्हणजे ७२ वॅट. स्विचच्या सप्लायची नासाडी धरून भिंतीतून ८२. स्वतः स्विच ३०, एनव्हीआर २०, राउटर १२, फायबरचा डबा १०. एकूण साधारण १५५ वॅट. स्वस्तातले ६०० व्हीएचे यूपीएस ३६० वॅटचे असतात, म्हणजे वॅटला ते पुरतात. प्रश्न वेळेचा आहे. आतली १२ व्होल्ट ७ एएचची एकच बॅटरी कागदावर ८४ वॅट-तास देते, पण इतक्या जोरात उपसली की जेमतेम निम्मे. इन्व्हर्टरचा तोटा धरून बॅटरीतून १८० वॅट जातात, तेव्हा हातात १४ मिनिटं. दोन बॅटऱ्यांचा १ केव्हीए घेतला तर अर्धा तास. दोन-अडीच तास हवे असतील तर केव्हीए वाढवू नका, एएच वाढवा: २४ व्होल्टचा लाँग बॅकअप मॉडेल आणि बाहेर २६ एएचच्या दोन बॅटऱ्या. साध्या मॉडेलला बाहेरून मोठ्या बॅटऱ्या जोडल्या तर त्याचा १ अँपिअरचा चार्जर दिवसभरात त्या भरू शकत नाही, आणि उन्हाळ्यात दुसरा कट त्याआधीच येतो.

त्या क्लासचा दीड केव्हीएही उन्हाळ्यात काही मिनिटांत बसत होता, कारण तो कॅबिनेटच्या आत ठेवला होता. इथे एक हिशेब लोक उलटा करतात. कॅमेऱ्यांचे ७२ वॅट यूपीएसच्या लोडमध्ये येतात, पण त्यांची उष्णता कॅबिनेटमध्ये राहत नाही, ती कॅमेऱ्यात जाते. आत उरतात ८३, वर यूपीएसचा स्वतःचा तोटा धरून १००. बंद दाराचं, भिंतीला टेकलेलं १२ यू कॅबिनेट १०० वॅटला बाहेरच्यापेक्षा १३-१४ अंश गरम होतं. पत्र्याखाली ४० असेल तर आत ५४. लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या पुढे दर १० अंशांना निम्मं होतं, तेव्हा तिथे ती आठव्या हिश्श्याच्या आसपास जगते. म्हणून यूपीएस आणि बॅटरी बाहेर, खाली, सावलीत.

पंख्यासाठी वॅटला ३.२ ने गुणा आणि किती अंश वाढ चालेल त्याने भागा, ताशी घनमीटर मिळतात. १०० वॅट आणि ८ अंशांना ४० येतात. १२० मिलिमीटरचा पंखा डब्यावर दीडशे सांगतो, जाळी आणि धूळ लागल्यावर ७० धरा, तरी वाढ साडेचार अंशांवर येते. वर बाहेर फेकणारा एक, खाली हवा येण्याची जागा, बस. दोन पंखे समोरासमोर आत फुंकणारे लावलेले मी बरेच बघितले. हवा तिथेच फिरत राहते. पण पंखा खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. बऱ्याच स्विचची मर्यादा ४५ अंश असते, म्हणून पत्र्याखाली पंखा लावूनही तुम्ही काठावरच. कॅबिनेट आतल्या खोलीत हलवणं एसीपेक्षा स्वस्त पडतं. पंख्याची वायर यूपीएसवरच घ्या, नाहीतर लाइट गेल्यावर स्विच चालू आणि पंखा बंद.

दोन गोष्टी राहिल्या. जनरेटर असेल तर काही यूपीएस त्याची फ्रिक्वेन्सी नाकारून बॅटरीवरच बसून राहतात, घेण्याआधी हे विचारा. आणि स्विचचं फर्मवेअर टाकताना बॅटरी पूर्ण भरलेली हवी. तेव्हा वीज गेली तर स्विच सुरू न होता नुसतं `switch:` दाखवत अडकू शकतो, आणि वरची सगळी सेव्ह-बिव्ह तिथे कामाची नाही.

पंखा पुरेल की नाही, केव्हीए किती, हे तुमचा लोड मोजल्याशिवाय यापुढे सांगता येणार नाही. पण ठेकेदाराचं बिल चुकवण्याआधी त्याला तुमच्यासमोर `show startup-config` करायला लावा आणि त्यात तुमच्या पोर्टांच्या ओळी वाचून घ्या. नसल्या तर बिल थांबवा.